पती-पत्नीच्या खात्यांतली देवघेव कशी शोधायची? कौटुंबिक न्यायालयातल्या प्रतिज्ञापत्रासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला हिशेबाचं काम करते. कौटुंबिक न्यायालयात प्रकरण सुरू झालं की वकील अशिलांना पासबुकांच्या पिशवीसकट माझ्याकडे धाडतात. कोणी अंबडच्या कारखान्यातून सुट्टी काढून आलेलं असतं, कोणी दिंडोरीहून. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. कायद्याचा सल्ला तुमच्या वकिलांकडूनच घ्या. इथे आहे तो उताऱ्यांचा भाग: नवरा-बायकोच्या खात्यांत इकडून तिकडे गेलेला पैसा कसा ओळखायचा आणि तो कागदावर कसा मांडायचा.

१. प्रतिज्ञापत्रात माझं उत्पन्न आणि माझी मालमत्ता विचारली आहे. मग नवऱ्याने मला पाठवलेले पैसे शोधत बसायची गरज काय?

सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात ४ नोव्हेंबर २०२० रोजी निकाल दिला. तेव्हापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं. त्याला जोडून खात्यांचे उतारे जातात आणि समोरचे वकील ते वाचतात. वाचताना पहिली नजर जाते ती जमा बाजूच्या एकूण रकमेवर. वर्षभरात खात्यात पावणेसात लाख आले असतील, तर "बाईंचं उत्पन्न महिन्याला छप्पन्न-सत्तावन्न हजार आहे" असं उत्तर दाखल होतं. त्यातला निम्मा पैसा नवऱ्यानेच पाठवलेला असला तरी ते कोणी आपणहून सांगत नाही. ते तुम्हालाच दाखवावं लागतं.

दुसरं कारण मालमत्तेचं. आपल्याकडे लग्न झालं म्हणून नवरा-बायकोची मालमत्ता आपोआप निम्मी-निम्मी होत नाही. ज्याच्या नावावर जे आहे ते सकृद्दर्शनी त्याचं. त्यामुळे फ्लॅटचा हप्ता नेमका कोणाच्या पैशातून गेला याला महत्त्व येतं, आणि ते उताऱ्याशिवाय कळत नाही.

२. किती वर्षांचे उतारे काढू? पासबुक चालेल का?

कालावधी वकिलांना विचारून ठरवा. मी साधारण मागची तीन आर्थिक वर्षं आणि चालू वर्ष धरून सुरुवात करते. पण घर, गाडी किंवा मोठी मुदत ठेव त्याआधीची असेल तर तेवढ्यापुरतं मागे जावंच लागतं. व्यवहारांच्या नोंदी किमान पाच वर्षं जपून ठेवणं बँकांना आर्थिक गैरव्यवहार प्रतिबंधक कायद्याखाली बंधनकारक आहे. त्याहून जुना उतारा मिळतो की नाही, हे शाखेत लेखी अर्ज देऊन पाहा. बंद केलेलं खातंही विसरू नका. "ते तर बंद केलंय" हे वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे आणि नेमका त्याच खात्यातून पैसा गेलेला असतो.

पासबुकावर भागत नाही. त्यात व्यवहाराचा तपशील तोडून छापलेला असतो, आणि बरेच महिने भरून घेतलं नसेल तर काही बँका मधल्या नोंदी एकत्र करून एकच आकडा छापतात. नेट बँकिंगमधून पूर्ण तपशिलाचा पीडीएफ उतारा काढा. न्यायालयात द्यायच्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि बँकर्स बुक्स एव्हिडन्स कायद्याच्या कलम २अ चं प्रमाणपत्र मागून घ्या. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १४ मुळे पुराव्याचे काटेकोर नियम इथे थोडे सैल आहेत हे खरं. पण उताऱ्यालाच आक्षेप आला की तारीख पुढे जाते आणि प्रमाणपत्रासाठी पुन्हा शाखेत खेटे घालावे लागतात.

३. एक व्यवहार माझ्या उताऱ्यात आणि त्यांच्या उताऱ्यात वेगवेगळा दिसतो. तो एकच आहे हे कसं ओळखायचं?

प्रत्येक हस्तांतरणाला दोन टोकं असतात: एका खात्यात नावे, दुसऱ्यात जमा. दोन्ही टोकं सापडली की मी ते जुळलं म्हणते. फक्त तारीख आणि रक्कम सारखी असून भागत नाही, कारण पाच हजार किंवा दहा हजाराचे व्यवहार महिन्यात चार-चार असतात. खरी ओळख पटते ती संदर्भ क्रमांकाने. यूपीआय आणि आयएमपीएसला बारा अंकी क्रमांक असतो. एनईएफटीचा यूटीआर सोळा अक्षर-अंकांचा, आरटीजीएसचा बावीसचा. हा क्रमांक दोन्ही उताऱ्यांत सारखा येतो. यूपीआयच्या तपशिलात तो साधारण असा बसलेला दिसतो:

```
UPI/DR/<१२ अंकी क्रमांक>/<नाव>/<बँक>/<शेरा>
```

पैसे देणाऱ्याकडे `DR`, घेणाऱ्याकडे `CR`. तुकड्यांचा क्रम बँकेनुसार बदलतो, बारा अंक मात्र बदलत नाहीत.

अडचण येते ती दोघांचं खातं एकाच बँकेत असलं की. बँकेच्या आतल्या आत झालेल्या हस्तांतरणाला यूटीआर नसतो आणि दोन बाजूंना वेगवेगळे अंतर्गत क्रमांक छापून येऊ शकतात. अशा वेळी तारीख, रक्कम आणि तपशिलातला समोरच्या खात्याचा क्रमांक या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच मी ते धरते. धनादेशाचं उलटं: क्रमांक दोन्हीकडे सापडतो, तारखा मात्र एक-दोन दिवस मागेपुढे असतात. मार्चअखेरच्या धनादेशाने एक टोक एका आर्थिक वर्षात आणि दुसरं पुढच्या वर्षात पडतं. वर्षाच्या बेरजा जुळेनात की आधी ३१ मार्चच्या आसपास बघायचं.

फसलेला व्यवहारही फसवतो. पैसे गेले, पोहोचले नाहीत आणि त्याच दिवशी किंवा नंतर परत आले. ही परतीची जमा उत्पन्नही नव्हे आणि हस्तांतरणही नव्हे. तपशिलात `REV` किंवा `RETURN` असं काही दिसतं. मूळ नावे आणि परतीची जमा यांची जोडी लावून दोन्ही नोंदी बाजूला काढा.

४. तीन वर्षांच्या नोंदी हाताने जुळवायच्या का?

नाही. दोन उतारे एक्सेलच्या दोन पानांवर घ्या आणि संदर्भ क्रमांक तपशिलातून वेगळ्या रकान्यात काढा. मग पतीच्या पानावर हे सूत्र टाका:

```
=COUNTIF('पत्नी'!C:C,C2)
```

१ आला तर दुसरं टोक सापडलं. ० आला तर हाताने बघायचं. २ आला तर एकच उतारा दोनदा चिकटवला आहे का ते आधी तपासायचं.

रकाना सी चिकटवण्याआधीच तो टेक्स्ट स्वरूपात बदलून ठेवा. नाहीतर शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकातलं शून्य एक्सेल खाऊन टाकतं आणि निव्वळ अंकांचा लांब क्रमांक पंधराव्या अंकानंतर शून्यांनी भरतं. एका प्रकरणात दोन दिवस "न जुळणारे" व्यवहार शोधत बसले होते. ते सगळे जुळलेलेच होते, फक्त पुढचं शून्य गेलं होतं.

५. माझ्या खात्यात वर्षाला ६,८४,००० जमा दिसतात. समोरचे म्हणतात हेच माझं उत्पन्न. उलगडून कसं दाखवू?

बेतलेल्या आकड्यांचं, पण नेहमीच्या वळणाचं उदाहरण घेऊ. पत्नी इंदिरानगरला घरी शिकवणी घेते, पती अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला. आर्थिक वर्ष २०२३-२४, पत्नीचं एकच बचत खाते, एकूण जमा ६,८४,०००.

आधी पतीच्या उताऱ्याशी जुळवलं. दरमहा २५,००० प्रमाणे बारा वेळा ३,००,००० आणि जूनमध्ये शाळेच्या फीसाठी एकदा ५०,०००, सगळी दुसरी टोकं सापडली. म्हणजे ३,५०,००० हा पतीकडून आलेला पैसा. राहिले ३,३४,०००.

मग तिच्याच मोडलेल्या ठेवीचा पैसा. ऑक्टोबरमध्ये १,५८,००० जमा आहेत. त्यातले १,५०,००० तिने आधी ठेवलेलं मुद्दल, ८,००० व्याज. मुद्दल उत्पन्नात येत नाही, व्याज येतं. ठेवीची पावती जोडली. राहिले १,७६,०००. त्यातले ५,६०० ऑनलाइन खरेदीचे परतावे आणि २,४०० बचत खात्याचं व्याज. उरले १,६८,०००. हे पालकांनी यूपीआयने पाठवलेले छोटे छोटे आकडे, म्हणजे शिकवणीची फी. बाराने भागलं की महिन्याला १४,०००.

तर प्रतिज्ञापत्रात जायचं ते हे: शिकवणीतून सरासरी दरमहा १४,००० आणि वर्षाचं व्याज १०,४००. सोबत एक पानाचा तक्ता जोडायचा. त्यात ६,८४,००० पासून सुरुवात आणि एकेक वजाबाकी, प्रत्येक वजाबाकीसमोर उताऱ्यातला पान क्रमांक. नुसतं "उत्पन्न १४,०००" लिहून उतारा जोडलात तर समोरचे बेरीज करणारच. तुम्हीच आधी बेरीज करून ती फोडून दाखवलीत की उलटतपासणीतला निम्मा वेळ वाचतो.

शिकवणीची फी लपवायचा मोह होतो, बायकाच मला तसं विचारतात. करू नका. पालकांची नावं तपशिलात छापलेली असतात आणि एक लपवलेली नोंद सापडली की बाकीच्या खऱ्या नोंदींवरही शंका येते.

६. नवरा म्हणतो, "मी तिला वर्षाला साडेतीन लाख देतच होतो." हे खरंच दिलं असं धरायचं का?

पैसा पोहोचला इथे शोध थांबवायचा नाही. तो पुढे कुठे गेला तेही बघायचं. वरच्याच उदाहरणात पत्नीच्या खात्याची नावे बाजू वाचली. गृहकर्जाचा हप्ता १८,४०० दर महिन्याच्या ७ तारखेला याच खात्यातून जातो, वर्षाचे २,२०,८००. कर्ज आणि फ्लॅट दोन्ही एकट्या पतीच्या नावावर. लग्नानंतर घर घेतलं तेव्हा पगाराची तारीख आणि हप्त्याची तारीख जुळेना, म्हणून तिच्या खात्यावर स्वयंचलित आदेश दिलेला, तो तसाच राहिला. शिवाय डिसेंबरमध्ये पत्नीने पतीला ६०,००० पाठवले आणि त्याच दिवशी ते त्याच्या शेअर दलालाकडे गेले.

आता हिशेब असा: आलेले ३,५०,०००, वजा हप्त्यांचे २,२०,८००, वजा परत गेलेले ६०,०००. घरखर्चाला आणि मुलाच्या फीला मिळून उरले ६९,२००. महिन्याला पावणेसहा हजारांच्या आसपास. फीचे ५०,००० त्यात धरलेलेच आहेत.

इथे एक मर्यादा लक्षात ठेवा. खात्यात शिकवणीचे पैसे आणि पतीचे पैसे एकत्र मिसळतात. त्यामुळे "हप्ता पतीच्याच पैशातून गेला" असं रुपया दाखवून सिद्ध करता येत नाही. मी बघते ते अंतर. २५,००० पाच तारखेला आले, त्याआधी शिल्लक ३,१०० होती, सात तारखेला १८,४०० गेले. बारापैकी दहा महिने असंच असेल तर तसं म्हणायला आधार आहे, आणि तक्त्यात मी "पाच तारखेआधीची शिल्लक" असा एक रकाना मुद्दाम ठेवते. ज्या दोन महिन्यांत आधीच तीस हजार शिल्लक होती तिथे तसं म्हणता येत नाही, म्हणून तेही लिहायचं.

पतीच्या बाजूने काम असेल तरी हीच पद्धत. हप्ता पत्नीच्या खात्यातून गेला असला तरी त्यासाठी रक्कम आपणच पाठवत होतो हे त्यालाही दाखवायचं असतं. आकडे तेच राहतात. फक्त तो "पोटगीसारखे साडेतीन लाख दिले" असं म्हणू शकत नाही.

७. यूपीआयच्या शेऱ्यात त्यांनी "लोन" लिहिलंय. म्हणजे ते कर्ज ठरतं का?

शेरा पाठवणारा लिहितो, घेणाऱ्याची संमती त्यात नसते. मी आजवर "लोन", "गिफ्ट", "भाजी" आणि एकदा नुसतं "हं" असे शेरे पाहिले आहेत. शेऱ्यापेक्षा वागणूक बोलते. कर्ज असेल तर परतफेड कधी सुरू झाली, काही कागद आहे का, ज्याने दिलं त्याने आयकर विवरणाच्या ताळेबंदात येणं म्हणून दाखवलं आहे का, हे बघायचं. भांडण सुरू झाल्यानंतरच्या महिन्यांत अचानक "लोन" शेरे दिसू लागले आणि त्याआधी तीन वर्षं शेरा रिकामा असेल, तर तो बदल तारखेसह तक्त्यात मांडा. अर्थ लावायचं काम न्यायालयाचं.

प्रतिज्ञापत्रात देणी या भागात ही रक्कम टाकायची की नाही हे वकिलांनी ठरवायचं. वाद असेल तर "समोरच्या पक्षाच्या म्हणण्यानुसार, अमान्य" असं लिहून दाखवणं हे पूर्ण वगळण्यापेक्षा बरं.

८. आमचं संयुक्त खाते आहे. त्यातलं कोणाचं काय?

संयुक्त खाते दोघांच्याही प्रतिज्ञापत्रात येतं. ज्याने पैसे भरले त्याचे ते, असं आपोआप होत नाही, आणि निम्मे-निम्मे असंही नाही. "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो" हे फक्त बँकेला पैसे द्यायची सूचना असते. त्यावरून मालकी ठरत नाही.

मी संयुक्त खात्याला तिसरं पान देते. पतीच्या खात्यातून तिथे आलेलं, पत्नीच्या खात्यातून आलेलं, बाहेरून थेट आलेलं, असे तीन जमा रकाने. नावे बाजूला घरखर्च, मुलं, आणि कोणा एकाच्या वैयक्तिक खात्यात गेलेलं. बहुतेकांना शेवटच्या रकान्याची उत्सुकता असते. वेगळं राहायला लागल्याच्या तारखेच्या आधीच्या पंधरा दिवसांत तिथे काय झालं ते हटकून बघा.

९. एटीएममधून पैसे काढून हातात दिले. ते कसे दाखवायचे?

सिद्ध होईल असे नाही दाखवता येत. पतीने मंगळवारी २०,००० काढले आणि पत्नीच्या खात्यात बुधवारी १८,००० रोख भरले गेले, यातून संबंध सुचतो, जुळत नाही. अशा नोंदी मी वेगळ्या यादीत ठेवते आणि वर "रोख, संबंध अंदाजे" असं स्पष्ट लिहिते. रोख भरण्याची पावती असेल तर ती भरणाऱ्याच्या सहीसाठी बघा. पत्नीच्या खात्यात पतीनेच भरले असतील तर त्याची सही असते, आणि मग तो अंदाज राहत नाही.

१०. पतसंस्थेत खाते आहे आणि रोजची पिग्मी भरतो. तेही द्यायचं का?

द्यायचं. पतसंस्था म्हणजे बँक नाही म्हणून सुटत नाही, ती मालमत्ताच आहे. नाशिकमध्ये दुकानदारांकडे पिग्मी एजंट रोज संध्याकाळी येतो, पुस्तकात सही करतो. त्या नोंदी बँकेच्या उताऱ्यात कुठेच नसतात. वर्षाअखेरीला पिग्मी मोडून एकरकमी ४०-५० हजार बायकोच्या बचत खात्यात जमा होतात आणि तिथे ते "कुठून तरी आलेले" दिसतात. संस्थेकडून खातेउतारा शिक्क्यासह घ्या आणि पिग्मीची पुस्तिका जपून ठेवा. हस्तलिखित नोंद असली तर तारीख वाचता येईल अशी झेरॉक्स काढा.

११. जमीन सासऱ्यांच्या आणि नवऱ्याच्या नावावर, पण कांद्याची पट्टी माझ्या खात्यात येते. ते माझं उत्पन्न का?

निफाड, लासलगाव, पिंपळगाव भागातून हा प्रश्न फार येतो. व्यापाऱ्याने कोणाच्या खात्यात पैसे टाकले यावरून माल कोणाचा होता हे ठरत नाही. पट्टी बघा. तिच्यावर शेतकऱ्याचं नाव, वजन, भाव, आणि हमाली-तोलाई कापून आलेली निव्वळ रक्कम असते. ती रक्कम तुमच्या खात्यातल्या जमेशी जुळवा, सोबत सातबारा जोडा. सातबारावर पतीचं नाव आणि पट्टीवरही त्याचंच असेल, तर पैसा तुमच्या खात्यातून फक्त गेला असं म्हणता येतं. मग पुढे तो कुठे गेला ते प्रश्न ६ च्या पद्धतीने शोधा. बहुतेक वेळा औषधं, मजुरी आणि सोसायटीचं कर्ज निघतं.

शेतीवर जगणाऱ्यांसाठी प्रतिज्ञापत्राचा वेगळा नमुना आहे. रजनेश निकालासोबतचा दुसरा जोडनमुना तो. कोणता भरायचा ते वकिलांना विचारा, कारण नोकरी आणि शेती दोन्ही असलेली घरं नाशिक जिल्ह्यात काही कमी नाहीत.

१२. नवऱ्याने माझ्या नावावर ठेव केली. व्याज मात्र त्यांच्या विवरणात दाखवतात. ठेव कोणाची?

दोन वेगळे प्रश्न एकत्र झाले आहेत. जोडीदाराला भेट दिलेल्या पैशावर घेणाऱ्याला आयकर लागत नाही, पण त्यातून येणारं व्याज देणाऱ्याच्याच उत्पन्नात मिळवावं लागतं. करापुरता हा नियम आहे. त्यावरून ठेव त्याची आहे असं होत नाही. ती तुमच्या नावावर आहे, म्हणून तुमच्या मालमत्तेच्या यादीत येते. समोर टीप लिहा: रक्कम कोणत्या तारखेला कोणाच्या खात्यातून आली, आणि व्याज कोणाच्या विवरणात दाखवलं आहे. टीप नसेल तर तुमच्या फॉर्म २६एएसमधला व्याजाचा आकडा आणि तुमचं विवरण यांच्यातला फरक समोरचे "लपवलेलं उत्पन्न" म्हणून पुढे करतात.

१३. पैसे थेट न देता सासूच्या खात्यातून फिरवले आहेत. ते जुळवता येतात का?

सासूचा उतारा तुमच्याकडे नसतो, त्यामुळे मधलं टोक दिसत नाही. तुमच्याकडे दोन बाहेरची टोकं असतात: पतीकडून आईला गेलेली रक्कम आणि सासूकडून तुम्हाला किंवा परत पतीला आलेली रक्कम. रकमा पूर्ण आकड्यांत नसतील तर मदत होते. ४७,३५० गेले आणि दोन दिवसांनी ४७,३५० आले, हा योगायोग मानायला कोणी तयार होत नाही. पण ५०,००० गेले आणि ३०,००० आले याला मी फिरवलेला पैसा म्हणत नाही. आईला मुलगा घरखर्चासाठीही पैसे देतो.

अशा नोंदींची यादी करून वकिलांकडे द्या. ते दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ११ खाली प्रश्नावली किंवा कागद दाखवण्याचा अर्ज करू शकतात. यादीत तारीख, रक्कम आणि संदर्भ क्रमांक असेल तर अर्ज नेमका होतो. "त्यांचे सगळे व्यवहार दाखवा" असा मोघम अर्ज टिकत नाही.

१४. त्यांचा नेट बँकिंगचा पासवर्ड मला माहीत आहे. उतारा काढून आणू का?

नको. खाते त्यांचं एकट्याचं असेल तर पूर्वी पासवर्ड सांगितला होता ही आजची परवानगी होत नाही, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली तुमच्यावरच तक्रार येऊ शकते. तुमच्या खात्यातली टोकं, संयुक्त खाते आणि प्रश्न १३ मधली यादी एवढ्यावर अर्ज होतो. त्यांचा उतारा त्यांच्या प्रतिज्ञापत्रासोबत यायलाच हवा, आणि आला नाही तर नेमका कोणता खाते क्रमांक आलेला नाही ते तुमच्या उताऱ्यातल्या तपशिलावरून दाखवता येतं. एनईएफटीच्या नोंदीत पाठवणाऱ्या बँकेचा आयएफएससी कोडही अनेकदा असतो. त्यातल्या पहिल्या चार अक्षरांवरून बँक कळते. कबूल न केलेलं खाते मी दोन-तीनदा याच मार्गाने शोधलं आहे.

१५. प्रतिज्ञापत्र देऊन झालं आणि आता एक मोठी नोंद राहिलेली सापडली. काय करू?

लगेच वकिलांना सांगा. सुधारित प्रतिज्ञापत्र देता येतं, आणि परिस्थिती बदलली तर ते द्यायचंच असतं. जाणूनबुजून खोटं लिहिल्याचं आढळलं तर न्यायालय खोट्या पुराव्याची चौकशी सुरू करू शकतं. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० खाली होत असे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली. राहिलेली नोंद तुम्ही स्वतः पुढे केलीत तर ती चूक म्हणून मांडता येते.

सुधारताना जुना तक्ता फेकू नका. जुना आकडा, नवा आकडा आणि फरक कुठून आला, हे तीन रकाने ठेवा. वरच्या उदाहरणात समजा पत्नीला नंतर कळलं की ऑगस्टमधल्या "फी"तले ९,००० खरं तर नवऱ्यानेच दुसऱ्या खात्यातून पाठवले होते, आणि ते खाते तिने तोवर पाहिलंच नव्हतं. मग फी १,६८,००० वरून १,५९,००० होते, पतीकडून आलेली रक्कम ३,५९,००० होते, आणि महिन्याची सरासरी १४,००० ऐवजी १३,२५० लिहावी लागते. एकूण जमा ६,८४,००० तशीच राहते. ती बदलली असेल तर तुमची नवी नोंद चुकली आहे, पुन्हा बघा.